साठ शेळ्या, एक डेटा

उस्मानाबादी शेळीबद्दल आमच्या भागात दोन गोष्टी पोरासोरांनाही ठाऊक असतात. ती बहुतेक करून काळी असते आणि बरेचदा जुळी देते. तिसरी गोष्ट मात्र तिच्यावर पीएच.डी. करायला बसल्याशिवाय कळत नाही. ही शेळी एकदा इंग्रजी प्रबंधात शिरली, की ती एक आहे की अनेक, याचा निकाल लवकर लागत नाही. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्याचा निकाल लागला. शेळी शास्त्राच्या पुस्तकात अजून उस्मानाबादीच आहे आणि तिच्या वजनांचा डेटा ‘इज’ आहे की ‘आर’, हे प्रकरण प्रलंबित आहे.

मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. निवृत्त डॉक्टरला जसं लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी नाडी दाखवतं, तसं मला कोणीही प्रबंध दाखवतं. ‘फक्त ग्रामर बघा सर, बाकी सगळं झालंय,’ असं म्हणून दोनशे पानं पुढ्यात ठेवतात. या दोनशे पानांत ‘बाकी सगळं’ मला कळत नाही, हे त्यांच्या सोयीचंच असतं.

तर कळंबकडचा एक विद्यार्थी शेळ्यांची वाढ या विषयावरचा शोधनिबंध घेऊन आला. सोबत दोन कागद होते. एकावर त्याच्या गाईडनं लाल शाईत लिहिलं होतं, ‘डेटा आर’. दुसऱ्यावर नियतकालिकाच्या परीक्षकानं छापील अक्षरांत कळवलं होतं, ‘डेटा इज’.

‘‘सर, गाईड म्हणतेत आर, रिव्ह्यूअर म्हणतोय इज. मी कुणाचं ऐकू?’’

मला त्या प्रश्नापेक्षा त्यातली क्रियापदं आवडली. गाईड एकच, पण ते ‘म्हणतेत’. रिव्ह्यूअरही एकच, पण तो ‘म्हणतोय’. गाईड समोर असतात आणि सही त्यांचीच लागते, म्हणून त्यांना अनेकवचन. रिव्ह्यूअर कोण, कुठला, दिसत नाही, म्हणून तो एकवचनी. आपल्या भाषेत वचन मोजून ठरत नाही, समोरच्याच्या वजनावर ठरतं. ‘सर आला’ असं म्हणणारा विद्यार्थी धाराशिव जिल्ह्यात तरी पदवीपर्यंत पोचत नाही. अशा पोराला इंग्रजीनं विचारलं की डेटा एक का अनेक, तर त्यानं बिचाऱ्यानं कुणाचा मान राखायचा?

गाईडचं म्हणणं मुळापासून बरोबर आहे. डेटा हे लॅटिनमधलं अनेकवचन, डेटम हे एकवचन. डेटम म्हणजे ‘दिलेलं’. आपल्या ‘दत्त’ शब्दाचं ते लांबचं भावंड, दोघांचं कूळ ‘देणे’ या एकाच धातूत. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘म्हणजे तीन तोंडं असून एकच?’’ गाणगापूरची वारी करणाऱ्या घरातला मुलगा. पाच मिनिटांत तो जिथं पोचला तिथं जायला इंग्रजीला काही शतकं लागली.

लॅटिनचाच धाक धरायचा, तर तो सगळीकडे सारखा धरायला हवा, आणि इथंच पंडितांची पंचाईत होते. ‘अजेंडा’ हेसुद्धा लॅटिनमधलं अनेकवचन, ‘स्टॅमिना’सुद्धा. पण ग्रामसभेचा अजेंडा ‘आर’ आहे असं ब्रिटिश राज्यातही कोणी म्हणालं नसेल. लंडनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राची शैलीपुस्तिका हाच मुद्दा धरून डेटाला एकवचनी क्रियापद लावा म्हणते : अजेंडाला चालतं ते डेटाला का नको? गंमत म्हणजे जिथं ‘डेटम’ हा शब्द रोजच्या कामात खरंच जिवंत आहे, त्या भूमापन शास्त्रात त्याचं अनेकवचन ‘डेटा’ होतच नाही. नकाशा ज्या आधारपृष्ठावर बेततात ते डेटम. अशी दोन आली की ‘डेटम्स’. म्हणजे आईनं मुलाला ओळख देणं बंद केलं आणि वेगळी मुलं सांभाळली.

दुसऱ्या बाजूला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे एपीएची शैली डेटा अनेकवचनी धरते, आणि तिचा वचक मानसशास्त्राबाहेर शिक्षणशास्त्र, समाजशास्त्रापर्यंत आहे. विद्युत अभियंत्यांच्या आयट्रिपलईनं तर परिषदेच्या लेखासाठी जो कोरा नमुना तयार ठेवलाय, त्यातच नेहमीच्या चुकांच्या यादीत बजावलंय, की डेटा हा शब्द अनेकवचनी आहे, एकवचनी नाही. हा नमुना उघडून त्यावरच आपला लेख टंकणारे काही लोक ती चुकांची यादी पुसायला विसरतात आणि त्यांच्या लेखात शेवटी ती सूचना तशीच छापली जाते. वर लेखात ‘डेटा इज’, खाली सूचना ‘डेटा आर’.

आता आमच्या विद्यार्थ्यानं काय केलं? गाईडचं ऐकायचं ठरवलं. हे शहाणपणाचं होतं, कारण परीक्षक एकदा भेटतो आणि गाईड व्हायव्हापर्यंत. पण त्यानं ते ऐकलं संगणकामार्फत. वर्डमधली ती खिडकी उघडली आणि लिहिलं :

```
Find what:    data is
Replace with: data are
```

आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. इतक्या ठिकाणी बदल झाले, असं संगणकानं कौतुकानं सांगितलं. तो चहा प्यायला गेला. मी ते बाड वाचायला घेतलं, तेव्हा पहिल्याच पानावर अडखळलो. ‘पशुसंवर्धन विभागानं प्रसृत केलेला डेटा’ असं काहीतरी तिथं होतं, इंग्रजीत `data issued`. त्यात `data is` ही अक्षरं ओळीनं येतात. संगणकाला शब्द कळत नाहीत, अक्षरं कळतात. म्हणून तो इश्यूडचं पोट फाडून त्यात आर भरतो. त्यामुळं विभागानं डेटा `data aresued` केला होता. मी शब्दकोश काढला. प्राणिशास्त्रात असे शब्द असतात, म्हणून मला आधी वाटलं, असेल एखादा शेळीचा आजार.

हे तरी डोळ्यांत खुपतं. खरी मेख पुढं होती. ‘द अॅनालिसिस ऑफ द डेटा आर शोन इन टेबल थ्री.’ इथं दाखवलंय काय? विश्लेषण. विश्लेषण एक आहे. डेटा मध्ये फक्त ‘ऑफ’च्या बोटाला धरून उभा आहे. क्रियापदाच्या शेजारी कोण उभं आहे यावर इंग्रजी क्रियापद ठरत नाही, कर्ता कोण यावर ठरतं. ‘डेटा इज’ शोधून ‘डेटा आर’ करणारा माणूस दर वेळी शेजाऱ्यालाच नवरदेव समजून हार घालतो. ‘द सोर्स ऑफ द डेटा आर’, ‘द क्वालिटी ऑफ द डेटा आर’, अशी सगळी वाक्यं, जी आधी बरोबर होती, ती आता चुकली.

आणि जी चुकीची होती ती तशीच राहिली. कारण डेटाला नुसतं ‘इज’ थोडंच लागतं? ‘डेटा वॉज कलेक्टेड’ तिथंच. ‘डेटा हॅज बीन’ तिथंच. ‘डेटा शोज’ तिथंच, आणि हा ‘शोज’चा स तर दिसतही नाही. ‘धिस डेटा आर’ हा जोडप्याचा फोटो तर मी जपून ठेवलाय : अर्धं वाक्य परीक्षकाचं, अर्धं गाईडचं. पुढं ‘मच डेटा’, आणि त्याहून पुढं त्याच डेटाबद्दल ‘इट’. अनेकवचन घ्यायचं तर सगळं बिऱ्हाड हलवावं लागतं : धिसचं धीज, मचचं मेनी, लेसचं फ्यूअर, इटचं दे. नुसतं क्रियापद नव्या घरी पाठवून भांडीकुंडी जुन्या घरात ठेवली, की वाचणाऱ्याला कळतं, हे स्वतः आलेले नाहीत, कोणीतरी पाठवलंय.

तो चहा पिऊन आला. मी त्याला म्हणालो, ‘‘तुझा डेटा म्हणजे नेमकं काय आहे, ते दाखव.’’

त्यानं वही काढली. खरी वही, शेणाचे डाग असलेली. साठ शेळ्या, प्रत्येकीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, प्रत्येकीसमोर दर पंधरवड्याचं वजन. एका खान्यात खाडाखोड होती, कारण ती शेळी काट्यावर उभी राहायला तयार नव्हती. त्यानं मला एकेका आकड्याची हकिकत सांगितली. हा बघा, ही गाभण होती. हे वजन जास्त आलंय, नुकतंच पाणी प्यायली होती.

‘‘मग हे एक आहे का अनेक?’’

‘‘अनेकच की सर. एकेक मोजलंय.’’

इथं ‘डेटा आर’ शोभतं. डेटाच्या जागी ‘ऑब्झर्व्हेशन्स’, म्हणजे नोंदी, हा शब्द घालून वाक्य वाचलं आणि ते बसलं, तर अनेकवचन नैसर्गिक आहे. डेटाच्या जागी ‘इन्फर्मेशन’ घालून वाक्य बसलं, तर एकवचन. उपग्रहानं परांडा-भूमच्या माळावरच्या गवताची चित्रं टिपली आणि ती कित्येक गिगाबाइट उतरवून घेतली, तर तिथं कोण एकेक मोजतंय? ज्वारीची रास घातल्यावर दाणे कोणी मोजत नाही, तसं ते. तिथं ‘डेटा इज स्टोअर्ड’ लिहिणाऱ्याला मी तरी लाल शाई लावणार नाही. आणि मोबाइलमधला डेटा तर सबंध जिल्ह्यात एकवचनी पुल्लिंगी आहे. तो संपतो. तो कधीही ‘संपतात’ होत नाही, आमच्या गाईडांचासुद्धा.

पण हा कानाचा न्याय झाला. छापणाऱ्याचा न्याय निराळा. ज्या नियतकालिकाला निबंध पाठवायचा, त्याच्या सूचना काढायच्या. त्यात डेटाबद्दल काही लिहिलं असेल, तर विषय संपला, मग लॅटिन आणि दत्त दोन्ही बाजूला. काहीच लिहिलं नसेल, तर त्याच नियतकालिकाचे अलीकडचे चार-पाच निबंध उघडून बघायचे, की ते काय छापतात. सगळीकडे ‘आर’ दिसलं, तर आपणही आर. सरमिसळ दिसली, तर त्यांना फरक पडत नाही, आपल्याला हवं ते धरायचं. मात्र एकदा धरलं की सारांशापासून तक्त्यांच्या मथळ्यांपर्यंत तेच. बहुतेकांची चूक मथळ्यांत सापडते, कारण ते सगळ्यात आधी लिहिलेले असतात आणि परत कोणी वाचत नाही.

डेटाचं मिटलं, असं वाटून मी चष्मा काढला. तर पुढच्याच परिच्छेदात शेळ्यांचा कळप उभा.

‘द फ्लॉक वॉज वेड’, असं त्यानं लिहिलं होतं. व्याकरणात काही चूक नाही. फ्लॉक एक, वॉज एक. पण अर्थ बघा. कळपाचं वजन केलं. म्हणजे साठही शेळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातल्या, ट्रॉली साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेली, भरलेली आणि रिकामी अशा दोन पावत्या घेतल्या. तसं झालेलं नव्हतं. साठ वेळा वजन केलं होतं, साठ लाथा खाल्ल्या होत्या. ब्रिटिश माणूस अशा वेळी ‘द फ्लॉक वेअर वेड’ म्हणू शकतो. समूहातला जो तो सुटा धरायचा असला की तिकडं अनेकवचन खपतं. अमेरिकन संपादकाला ते चालत नाही, तो लाल करतो. म्हणून दोघांच्याही कचाट्यातून सुटायचा रस्ता म्हणजे कळपाला घरी ठेवून शेळ्यांनाच वाक्यात आणणं : ‘द गोट्स वेअर वेड इंडिव्हिज्युअली.’ कळप हलवला, कळपाला रोग आला, तिथं कळप. तोललं, टोचलं, बिल्ला मारला, तिथं शेळ्या.

हीच गत मंजुरी देणाऱ्या समितीची. प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या नीती समितीची मंजुरी लागते, आणि कमिटी ‘हॅज’ का ‘हॅव’ यावर अटलांटिकच्या दोन काठांवर दोन मतं. मराठीत काय होतं? ‘समितीनं मंजुरी दिली.’ दिली कोण? मंजुरी. ‘समितीनं प्रस्ताव फेटाळला.’ फेटाळला कोण? प्रस्ताव. भूतकाळात समितीला ‘नं’ लागला की क्रियापद तिच्याकडं ढुंकून बघत नाही, ते समोरच्या कर्माशी संधान बांधतं. समितीत एक सदस्य होता का अकरा, एकमत होतं का भांडण, क्रियापदाला पत्ताच नाही. आणि ‘शेळ्यांना बांधलं’ म्हटलं, की ते कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही. दोघांना प्रत्यय लागलेला बघून नपुंसकलिंगी एकवचनात मुकाट बसतं. शाळेत याला भावे प्रयोग म्हणायचे आणि त्यावर दोन मार्क असायचे. इंग्रजीत शोधनिबंध लिहिताना माणसाला या सोयीची किंमत कळते. तिकडं क्रियापदाला दर वाक्यात कुणाची तरी बाजू घ्यावीच लागते.

मापांचंही एक आहे. ‘अडीचशे ग्रॅम ऑफ कॉन्सन्ट्रेट वेअर फेड’ असं त्यानं लिहिलं होतं. अडीचशे म्हणजे अनेक, असा साधा हिशोब. पण शेळीच्या पुढ्यात अडीचशे वेगवेगळे ग्रॅम कोणी मांडत नाही. खुराक एकदाच पडतो. एक माप म्हणून घातलेलं प्रमाण इंग्रजीत एकवचनी : ‘वॉज फेड’. पाच मिलिलिटर रक्त काढलं तेही ‘वॉज’. तेच जर एक मिलिलिटरच्या पाच कुप्या भरल्या, तर कुप्या ‘वेअर’. टक्क्यांना तर स्वतःचं वचनच नाही : चाळीस टक्के दूध ‘वॉज’, चाळीस टक्के शेळ्या ‘वेअर’. ‘ऑफ’च्या पुढं कोण आहे, ते बघायचं. आता तुम्ही म्हणाल, मघाशी तर ‘अॅनालिसिस ऑफ द डेटा’मध्ये ‘ऑफ’च्या पुढं बघायचं नाही, असं सांगितलं. हो, सांगितलं. विश्लेषण ही स्वतंत्र वस्तू आहे, टक्का नाही. हे त्यालाही पटायला वेळ लागला, आणि ‘ए नंबर ऑफ किड्स वेअर बॉर्न’ पण ‘द नंबर ऑफ किड्स वॉज हाय’ हे सांगितल्यावर तो काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. पहिल्यात जन्मली ती करडं. दुसऱ्यात जास्त आहे ती संख्या. संख्या जन्मत नाही आणि करडू जास्त नसतं. एवढं बघितलं, की ‘ए’ आणि ‘द’ पाठ करायची गरज उरत नाही.

हे सगळं चालू असताना त्याचे वडील ओट्यावर बसून होते. त्याला मोटारसायकलवरून घेऊन आले होते. शेवटी त्यांनी आत डोकावून विचारलं, ‘‘सर, काय चुकलंय का पोराचं?’’

मी म्हटलं, ‘‘चुकलं नाही. शेरडं मोजताना एक धरायची का अनेक, एवढंच बघतोय.’’

‘‘त्यात काय बघायचं? विकताना एकेक, राखणीला देताना सगळी एक.’’

मी ते वाक्य पोराला वहीत उतरवून घ्यायला लावलं नाही, कारण त्यानं ते संदर्भसूचीत घातलं असतं. पण ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही पुस्तकं चाळून मला यापेक्षा सुटसुटीत नियम सापडलेला नाही.

निबंध गाईडच्या ‘आर’नं गेला. परीक्षकाला नम्र पत्र लिहिलं, की आपल्याच नियतकालिकाच्या अलीकडच्या अंकांत डेटा अनेकवचनी छापलाय, म्हणून तसाच ठेवला आहे. यावर परीक्षकानं काही हरकत घेतली नाही. त्यानं आता ‘लाइव्हस्टॉक इज’ का ‘लाइव्हस्टॉक आर’ हे विचारलंय. दोन्ही चालतं. आम्ही ‘गोट्स’ लिहून मोकळे झालो.

तेव्हा प्रबंध बायंडिंगला देण्याआधी एवढं करा. ‘रिप्लेस ऑल’ला हात लावू नका. संगणकात फक्त `data` हा एक शब्द शोधा, तो येईल तिथं थांबा, वाक्याचा कर्ता कोण ते बघा, मागचं धिस-धीज आणि पुढचं इट-दे तपासा, मग पुढं जा. दोनशे पानांना एक दुपार लागते. मुखपृष्ठ तपासायची गरज नाही; शीर्षकात डेटा असला तरी सहसा क्रियापद नसतं.